स्तुती आहे की टोमणा? इंग्रजी बोलण्यातला उलटा अर्थ पकडायचा कसा

प्रश्न: मी एका ब्रिटिश-अमेरिकन मिक्स टीमसोबत काम करतो. इंग्रजी शब्द सगळे कळतात. पण परवा क्लायंटसमोर आमचा डेमो दोनदा अडकला, मधेच स्क्रीन शेअर बंद पडलं, आणि क्लायंट गेल्यावर आमचा लीड म्हणाला, "वेल, दॅट वेंट वेल." मी म्हणालो, "थँक यू." सगळे हसले. नंतर कळलं की तो उलटं बोलत होता. हे लोक खरं कधी बोलतात आणि उलटं कधी, हे ओळखायचं कसं? आणि ओळखलं तरी उत्तर काय द्यायचं?

उत्तर:

तुम्हाला आत्तापर्यंत बऱ्याच जणांनी "टोन ऐक, टोनवरून कळतं" असं सांगितलं असेल. मी परदेशी टीमसोबत कॉलवर काम करणाऱ्या लोकांना बोलण्याचं इंग्रजी शिकवते आणि माझं मत असं आहे की टोन ही तिसऱ्या नंबरची गोष्ट आहे. टोन ऐकायला गेलात की वाक्य संपतं, पुढचा माणूस बोलायला लागतो आणि तुम्ही अजून मागच्याच वाक्याचा आवाज आठवत बसलेले असता. त्यात नेट खराब असेल, समोरच्याचा माइक दर दोन शब्दांनी दबत असेल, तर टोन तसाही अर्धाच पोचतो. म्हणून आधी दोन गोष्टी बघायच्या ज्या आवाजावर अवलंबून नाहीत: आत्ता नक्की काय घडलंय, आणि हे वाक्य मुळात कोणाचं आहे.

पहिली गोष्ट सोपी आहे. डेमो दोनदा अडकला, स्क्रीन गेली, हे सगळ्यांनी बघितलं. अशा वेळी "छान झालं" हे वाक्य सरळ अर्थाने खरं असूच शकत नाही, आणि बोलणाऱ्यालाही माहितीये की ते खरं नाही, आणि त्याला हेही माहितीये की तुम्हाला माहितीये. हे तिन्ही जुळलं की ते उलटं बोलणं. यातलं तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, कारण ते नसेल तर माणूस टोमणा मारत नसतो, त्याला फक्त परिस्थिती माहीत नसते. म्हणजे समजा तोच लीड कॉलमध्ये उशिरा आला असता, त्याने फक्त शेवटची पाच मिनिटं बघितली असती आणि मग "दॅट वेंट वेल" म्हणाला असता, तर तेच वाक्य बहुतेक मनापासून असतं.

आता यात एक दिशा असते, ती एकदा लक्षात आली की निम्मं काम होतं. इंग्रजीतलं उलटं बोलणं बहुतेक वेळा एकाच बाजूने जातं: घटना वाईट आणि शब्द चांगले. कोणी अर्धा तास उशिरा कॉलवर आला तर "नाइस ऑफ यू टू जॉइन अस" म्हणतात. पण वेळेआधी आलेल्याला कोणी "तू फारच उशिरा आलास" असं गंमतीत म्हणालं तर विनोद होत नाही, समोरचा नुसता गोंधळतो आणि घड्याळ बघतो. का? कारण माणसं वेळेवर यावीत, डेमो नीट व्हावा, बिल्ड चालावं ही सगळ्यांची कायमची अपेक्षा असते, ती न बोलता हवेत असतेच. वाईट घडलं की बोलणारा ती मोडलेली अपेक्षा उचलून जोरात वाचून दाखवतो, बस. उलट बाजूचा विनोद तेव्हाच चालतो जेव्हा आधी कोणीतरी वाईट होणार असं बोलून ठेवलेलं असतं. म्हणजे तुम्ही आठवडाभर "माझं प्रेझेंटेशन पडणार बघा" म्हणत होतात आणि ते झकास झालं, तर कोणीतरी येऊन "येस, अ टोटल डिझॅस्टर" म्हणेल, आणि ती शुद्ध शाबासकी आहे.

यातूनच दुसरी गोष्ट निघते आणि मला विचाराल तर खरी चावी इथे आहे. हे वाक्य कोणाचं आहे? डॅन स्पर्बर आणि डिअर्ड्रे विल्सन या दोन भाषा अभ्यासकांनी १९८१ साली एक मुद्दा मांडला, तो थोडक्यात असा की उपरोधाने बोलणारा माणूस स्वतःचं मत सांगतच नसतो, तो दुसऱ्या कोणाचं तरी बोलणं किंवा मनातली आशा परत उच्चारत असतो आणि सोबत त्याबद्दलची नाराजी दाखवत असतो. म्हणजे आपण जे "शब्दांचा उलटा अर्थ शोधा" करत बसतो ते चुकीच्या जागी खणणं आहे. शब्द कोणाचे, हे शोधायचं.

जवळून बघूया. सोमवारी कॉलवर सेल्सचा माणूस म्हणतो, "इट्स जस्ट अ स्मॉल चेंज, शुड टेक ॲन अवर." टीम मान हलवते. गुरुवारी तीन जण अजून त्याच बदलावर काम करतायत, दोन जुनी टेस्ट फेल होतायत, आणि तुमची डेव्हलपर मैत्रीण स्क्रीनकडे बघत शांतपणे म्हणते, "लव्हली लिटल चेंज, धिस." तुम्ही जर सोमवारचं वाक्य विसरला असाल तर गुरुवारचं वाक्य विचित्र वाटतं, बदल आवडला का हिला? आणि सोमवारचं लक्षात असेल तर काहीच ओळखावं लागत नाही, तिने सेल्सचा "स्मॉल" उचलून परत टेबलावर ठेवलाय एवढंच. "ॲन अवर, ही सेड" असं कोणी म्हणालं तर तोच प्रकार अजून उघडपणे. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते की मीटिंगमध्ये कोणी काही आश्वासन दिलं, वेळ दिली, "सोपंय", "काळजी नको" असं म्हणालं, की ते शब्द जसेच्या तसे नोट्समध्ये लिहून ठेवा. काम बिघडलं की पुढच्या कॉलमध्ये नेमके तेच शब्द कोणाच्यातरी तोंडून परत येतात आणि तेव्हा तुम्ही एकटेच सरळ अर्थ घेऊन बसलेले नसता.

काही शब्द तर "हे माझं नाही, दुसऱ्याचं बोलणं आहे" अशी पाटीच लावून येतात. "अपॅरंटली" हा त्यातला सगळ्यात कामाचा. "अपॅरंटली वुई आर लाँचिंग ऑन मंडे" यातला बोलणारा लाँच होणार की नाही याची जबाबदारी घेत नाहीये, वरून कोणीतरी सांगितलंय आणि मला पटलेलं नाही असं त्याला म्हणायचंय. अर्थात कधीकधी तो खरंच फक्त ऐकीव माहिती देत असतो, तेव्हा सोमवारी लाँच होणं शक्य आहे का हे बघायचं, म्हणजे परत पहिली गोष्ट. तसंच "सो मच फॉर अ क्विक कॉल", म्हणजे क्विक कॉल म्हणाला होतात ना, झाला बघा क्विक. "आय लव्ह हाऊ" ने सुरू होणारी वाक्यंही बघून घ्या. "आय लव्ह हाऊ नोबडी टोल्ड अस" मधे लव्ह कुठेच नाही, आणि पुढचा भाग तक्रारीचा असल्यामुळे हे ओळखणं तसं सोपं जातं.

तुमच्या लीडचं वाक्य यात कुठे बसतं? कॉल संपला की जो उरतो तो सवयीने "दॅट वेंट वेल" म्हणतोच, चांगल्या कॉलनंतरचं हे ठरलेलं वाक्य आहे. त्याने तेच ठरलेलं वाक्य वाईट कॉलनंतर तसंच्या तसं म्हटलं. आधीचा "वेल" आणि त्यानंतरचा छोटा थांबा, हेही नेहमीचं आहे. आणि आता महत्त्वाचं, निशाणा कोणावर होता? "दॅट" म्हणजे तो डेमो, ती परिस्थिती. तुम्ही नाही. त्यात तो स्वतःही आला, कारण टीमचा लीड तोच आहे. असा विनोद बहुतेक वेळा ताण सोडायला असतो, "सगळ्यांनी बघितलं, वाईट झालं, आता श्वास घ्या आणि पुढे जाऊ." तो जर खरंच चिडला असता तर वाक्यात "यू" आला असता किंवा विनोद न करता त्याने सरळ "व्हॉट हॅपन्ड देअर?" विचारलं असतं.

आणि तुमच्या "थँक यू" बद्दल, त्याची लाज बाळगायचं काहीही कारण नाही. इंग्रजी बोलणाऱ्यांमध्ये चेहरा सरळ ठेवून उलट्या वाक्याला उलटंच उत्तर द्यायची पद्धत आहे, चेहरा आणि आवाज निर्विकार ठेवून केलेल्या अशा विनोदाला डेडपॅन म्हणतात. वाईट डेमोनंतर लीड "छान झालं" म्हणतो आणि ज्याचा डेमो पडला तो गंभीरपणे "थँक यू" म्हणतो, हे त्यांच्या कानाला झक्कास प्रत्युत्तर वाटलं असण्याची बरीच शक्यता आहे. हसण्याचं कारण ते असू शकतं. त्यामुळे "ॲक्च्युअली मला कळलं नव्हतं" असा खुलासा करायला जाऊ नका, गेला तो क्षण.

आता टोन. तिसरा नंबर म्हटलं तरी त्याचा उपयोग आहे, फक्त काय ऐकायचं ते माहीत पाहिजे. इंग्रजीत उपरोधाचं वाक्य बहुधा नेहमीपेक्षा हळू येतं, आवाज खाली आणि सपाट असतो, आणि ज्या शब्दात स्तुती आहे तो शब्द ताणला जातो, "ग्रेऽऽट", "फॅनटॅऽऽस्टिक". मनापासूनच्या कौतुकात आवाज वरखाली होतो, वेग वाढतो. आपली माणसं इथे फसतात कारण मराठीत टोमणा मारताना आवाज बऱ्याचदा वर जातो, "अहाहा, मोठा शहाणा लागून गेलास!" असं नाटक करून, हेल काढून बोलतो आपण. त्यामुळे कान उंच आवाज शोधत बसतो आणि खालच्या आवाजातला टोमणा शेजारून निघून जातो. हे फक्त मराठीचं नाही बरं का, कँटोनीज बोलणाऱ्यांवर अभ्यास झालाय आणि त्यांचाही आवाज उपरोधात वर जातो असं दिसलं, इंग्रजीच्या बरोब्बर उलट. म्हणजे तुमचा कान कच्चा नाही, तो वेगळ्या भाषेला लावलेला आहे.

पण आवाजापेक्षाही एक खूण मला जास्त भरवशाची वाटते: वाक्याच्या पुढे काय येतं? खऱ्या कौतुकाला तपशील चिकटलेला असतो. "दॅट वेंट वेल, दे रिअली लाइक्ड द सेकंड चार्ट." कौतुक करणाऱ्याला काय आवडलं हे सांगायची घाई असते, किंवा तो काहीतरी विचारतो. उपरोधाचं वाक्य एकटं उभं असतं. त्यानंतर शांतता, उसासा, एखादं हसू, नाहीतर सरळ "राइट, नेक्स्ट आयटम." त्यामुळे स्तुतीचं वाक्य ऐकलं की लगेच बोलू नका, दोन सेकंद थांबा आणि तपशील येतो का बघा. आला तर थँक यू म्हणा. नाही आला तर मागे काय घडलं ते आठवा.

डेडपॅन माणसाच्या बाबतीत मात्र टोनचा काहीच उपयोग नाही हे स्पष्ट सांगते. तो मुद्दाम आवाजात काही दाखवत नाही, तीच तर त्याची गंमत. अशा माणसाला त्याच्या स्वतःच्या देशातले लोकही चुकीचं समजतात. तिथे फक्त परिस्थिती आणि त्या माणसाची सवय कामाला येते, आणि सवय कळायला थोडे आठवडे जातातच.

एक वेगळी गोष्ट यात मिसळली जाते, ती बाजूला काढूया, कारण तिला उलटा अर्थ लावला की घोटाळा होतो. ब्रिटिश लोक बऱ्याचदा उलटं बोलत नसतात, कमी करून बोलत असतात. उपरोधात दिशा उलटी असते. इथे दिशा बरोबर असते पण आकडा लहान केलेला असतो. "अ बिट", "स्लाइटली", "नॉट आयडियल", "अ स्मॉल इश्यू" हे शब्द आले की गोष्ट वाईटच आहे, फक्त किती वाईट ते तुम्हाला वाढवून ऐकायचंय.

याचं प्रसिद्ध उदाहरण कोरियन युद्धातलं आहे. एप्रिल १९५१ मध्ये इमजिन नदीजवळ ब्रिटिश ब्रिगेडचे ब्रिगेडियर टॉम ब्रोडी यांची एक बटालियन चिनी सैन्याने घेरली होती. त्यांनी वरच्या अमेरिकन जनरलला परिस्थिती "अ बिट स्टिकी" आहे असं कळवलं असं सांगितलं जातं. ब्रिटिश कानाला याचा अर्थ होता की आम्ही भयंकर अडकलोय. अमेरिकन जनरलला वाटलं, अवघड आहे पण सांभाळतायत. माघारीचा हुकूम वेळेत निघाला नाही आणि त्या बटालियनचे पाचशेहून जास्त सैनिक पकडले गेले. लक्षात घ्या, दोघांचीही भाषा इंग्रजीच होती.

दुसरं उदाहरण जरा सुखाचं. २४ जून १९८२ ला ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ विमान जावा बेटाजवळ ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली. कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना सांगितलं की आपल्याला एक छोटी अडचण आली आहे, चारही इंजिनं थांबली आहेत, ती परत चालू करायचा आम्ही जिवापाड प्रयत्न करतोय, आणि तुम्हाला फार त्रास होत नसेल अशी आशा आहे. इंजिनं परत चालू झाली, विमान जकार्ताला उतरलं. यात टोमणा कुठेच नाही, "स्मॉल प्रॉब्लेम" हे त्या माणसाने धीर न सोडता बोलण्याची रीत आहे.

ऑफिसात हे रोज घडतं, फक्त इंजिनं नसतात. कोडवर कमेंट येते "आय हॅव अ फ्यू मायनर कन्सर्न्स" आणि खाली सतरा मुद्दे. "धिस इज नॉट क्वाइट व्हॉट वुई हॅड इन माइंड" म्हणजे परत करा. तुमची टीम मिक्स आहे म्हणून हे जास्त सांगतेय: तेच "क्वाइट गुड" अमेरिकन माणसाच्या तोंडी बहुधा खूप चांगलं असतं आणि ब्रिटिश माणसाच्या तोंडी बऱ्याचदा ठीकठाक, त्यामुळे फीडबॅक ऐकताना बोलणारा कुठला आहे हे मनात धरा. आणि "नॉट बॅड" ब्रिटिश किंवा ऑस्ट्रेलियन माणूस म्हणाला तर खूश व्हा, ते बऱ्यापैकी वरचं कौतुक आहे.

काही ठरलेली वाक्यं अशी आहेत की त्यांचा सरळ अर्थ आता जवळजवळ कोणी घेतच नाही, ती पाठच करून टाकायची, तिथे विचार करत बसायचं नाही. "या, राइट" एका दमात, सपाट म्हटलं की विश्वास नाही. "टेल मी अबाउट इट" म्हणजे मला सांग असं नाही, मलाही अगदी हाच अनुभव आहे. इथे बरेच जण उत्साहाने सगळी गोष्ट परत सांगायला लागतात आणि समोरचा सभ्यपणे ऐकून घेतो. "बिग सरप्राइज" म्हणजे हे होणारच होतं. यावरून एक किस्सा सांगितला जातो. तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन व्याख्यानात म्हणाले की दोन नकार मिळून होकार होतो अशा भाषा आहेत, पण दोन होकार मिळून नकार होतो अशी एकही भाषा नाही. मागच्या बाकावरून दुसरे एक तत्त्वज्ञ, सिडनी मॉर्गनबेसर, कंटाळलेल्या आवाजात म्हणाले, "या, या."

लेखी चॅट आणि ईमेलची गोष्ट अजून अवघड, आणि इथे तुम्ही एकटे नाही आहात. २००५ साली अमेरिकेत छापून आलेल्या एका अभ्यासात लोकांना काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने पाठवायला सांगितली. पाठवणाऱ्यांना वाटत होतं की साधारण ७८ टक्के वेळा समोरच्याला कळेल. आवाजावरून ऐकणाऱ्यांना जवळपास तेवढं कळलंही. ईमेल वाचणाऱ्यांना कळलं ५६ टक्के वेळा, म्हणजे डोळे मिटून अंदाज ठोकला तरी ५० टक्के जमलं असतं. दोष वाचणाऱ्याचा नाही, लिहिणाऱ्याच्या डोक्यात स्वतःचा आवाज वाजत असतो आणि तो कागदावर उतरलाय असं त्याला वाटतं.

तरी लिखाणात काही खुणा सापडतात. एक म्हणजे शब्द गरजेपेक्षा फार मोठे असणं. सर्व्हर तिसऱ्यांदा पडल्याची बातमी आणि खाली कोणी लिहितं "ॲब्सोल्यूटली थ्रिल्ड". कामाच्या चॅटमध्ये खरा आनंद सहसा इतका सजून येत नाही, "नाइस" किंवा "ग्रेट न्यूज" एवढ्यावर भागतं. दुसरी म्हणजे "ॲज ऑलवेज", "ॲज युज्वल", "वन्स अगेन" हे शब्द चांगल्या शब्दाला चिकटून येणं. शुक्रवारी संध्याकाळी डेडलाइन बदलली आणि कोणी लिहिलं "ग्रेट टायमिंग, ॲज ऑलवेज", तर बाबांनो ते कौतुक नाही. तिसरी, एकाच शब्दाचं उत्तर आणि पुढे पूर्णविराम. चॅटमध्ये "ग्रेट" पुढे उद्गारचिन्ह असेल तर बहुधा खरं, पूर्णविराम असेल तर जरा थंड वाटतं, पण हे वयावर फार अवलंबून आहे, मोठी माणसं सगळीकडेच पूर्णविराम देतात, त्यामुळे एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. उलटा केलेला हसरा इमोजी मात्र जवळपास नेहमी "मजेत नाहीये मी" हेच सांगतो. आणि ऑनलाइन चर्चांमध्ये वाक्याच्या शेवटी `/s` दिसलं तर लिहिणाऱ्याने स्वतःच सांगून टाकलंय की हे उपरोधाने घ्या.

उत्तराबद्दल विचारलंत, ते खरं तर ओळखण्यापेक्षा सोपं आहे, कारण शंभर टक्के न ओळखताही बरोबर उत्तर देता येतं. युक्ती ही की शब्दांना उत्तर द्यायचं नाही, घटनेला द्यायचं. तुमच्या प्रसंगात "या, द स्क्रीन शेअर वॉज रफ, आयल टेस्ट इट बिफोर द नेक्स्ट वन" म्हणालात तर लीड टोमणा मारत असेल तरी ते बसतं, सहानुभूती दाखवत असेल तरी बसतं, आणि चुकून मनापासून बोलला असेल तरी वाईट दिसत नाही, फार तर तो "नो नो, इट वॉज फाइन" म्हणेल. उशिरा आल्यावर "नाइस ऑफ यू टू जॉइन अस" ऐकलं तर "सॉरी, माय लास्ट कॉल रॅन ओव्हर" आणि लगेच कामाला लागा, थँक यू नको आणि लांबलचक माफीही नको.

परिस्थितीवरचा विनोद असेल आणि वाद घालायचा नसेल तर छोटंसं हसू आणि "येप" पुरतं. सुरुवातीला स्वतः उलटं बोलून उत्तर द्यायला जाऊ नका, विशेषतः वरिष्ठांशी. भाषा दुसरी असली की आपला आवाज कमी वरखाली होतो आणि समोरच्याला आपण खरंच तसं म्हणतोय असं वाटतं. करावंसं वाटलंच तर निशाणा स्वतःवर किंवा मशीनवर ठेवा, "माय लॅपटॉप लव्हज मी टुडे" यात कोणी दुखावत नाही.

जिथे अर्थावर काम अवलंबून आहे तिथे मात्र अंदाज नको. लीड म्हणाला "शुअर, लेट्स रीराइट द होल थिंग" आणि तुम्हाला कळेना की खरंच रीराइट करायचंय का, तर "आर यू बीइंग सरकॅस्टिक?" असं विचारू नका, ते कानाला आरोपासारखं लागतं. कामाबद्दल विचारा: "जस्ट टू बी क्लिअर, शुड आय स्टार्ट ऑन दॅट?" तो हसून "गॉड, नो" म्हणेल, प्रश्न मिटला. लेखी असेल तर हेच दुसऱ्या ओळीत लिहा.

एवढं शिकल्यावर एक उलटा त्रास सुरू होतो, बऱ्याच जणांचा होतो. प्रत्येक "थँक्स"मध्ये टोमणा दिसायला लागतो. "थँक्स फॉर द क्विक रिप्लाय" वाचून माणूस विचार करतो, मी तर दोन तासांनी उत्तर दिलं, हा बोलला का मला? नाही हो, दोन तास म्हणजे त्याच्यासाठी क्विकच होतं. इथे परत पहिली तपासणी: घटना खरंच वाईट होती का, आणि ते त्यालाही माहीत होतं का? उत्तर तीन दिवसांनी दिलं असतंत तर गोष्ट वेगळी. घटना साधी असेल तर वाक्य सरळ घ्या, कामाच्या बोलण्यातली बहुतेक वाक्यं सरळच असतात. आणि शंका असेल तेव्हा सरळ अर्थ धरून वागण्यात फारसा तोटा नाही, टोमणा न कळल्यासारखं दाखवलं तर फार तर एक विनोद वाया जातो, पण नसलेला टोमणा मनावर घेऊन तुटक उत्तर दिलं तर माणूस दुरावतो.

शेवटचा प्रकार म्हणजे निशाणा खरोखर तुमच्यावर असणं. मित्रांमधली चिडवाचिडवी वेगळी, "यू इडियट" हे जवळच्यालाच म्हणतात, विषय किरकोळ असतो आणि तुम्हीही परत बोलू शकता. पण वाक्यात सारखा "यू" येतोय, विषय तुमच्या कामाचा किंवा उच्चारांचा आहे, तो वरच्या पदावर असल्याने तुम्हाला परत बोलता येत नाही आणि हसणारे लोक तुमच्याकडे बघणं टाळतायत, तर तो विनोद म्हणून सोडून द्यायची गरज नाही. चारचौघांत उत्तर देऊ नका. नंतर एकट्याला गाठा आणि त्याचेच शब्द, आवाज न चढवता, परत म्हणून दाखवा: "इन द मीटिंग यू सेड 'ब्रिलियंट वर्क ॲज युज्वल'. इफ समथिंग इज राँग विथ माय वर्क, प्लीज टेल मी डिरेक्टली." टोमण्यात त्याला "मी तर कौतुकच केलं" म्हणत मागे सरकायला जागा असते, या वाक्यासमोर ती राहत नाही, त्याला एकतर कामातली चूक सांगावी लागते, नाहीतर विषय बदलावा लागतो.